२३६ रुपये कापल्याचा मेसेज आणि घाबरलेली आत्या

प्रश्न: माझी आत्या ७३ वर्षांची आहे. मिरजेला एकटी राहते, फॅमिली पेन्शनवर. काल रात्री तिने बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला. खात्यातून २३६ रुपये गेलेत आणि खाली 'हे तुम्ही केलं नसेल तर या नंबरवर फोन करा' असं इंग्रजीत लिहिलंय. "मी तर काहीच केलं नाही, म्हणजे कुणीतरी खात्यात शिरलंय," असं ती धरून बसली आहे. मी "काही नसतं गं, सोडून दे" म्हटलं तर आणखीच घाबरली. मी पुण्यात असते. तिला फोनवर सोप्या शब्दांत कसं समजावू? खरं तर हे पैसे कशाचे, हे मलाही नक्की माहीत नाही.

उत्तर: आत्याने मेसेज अगदी बरोबर वाचलाय. त्यात लिहिलंय की हे तुम्ही केलं नसेल तर फोन करा. तिने काही केलेलं नाही. मग फोन करायला हवा असं तिला वाटलं, तर यात तिचं काय चुकलं? तुम्ही "सोडून दे" म्हणालात तेव्हा तिला वाटलं असणार की हिने नीट वाचलेलंच नाही. तिला धीर देण्याआधी त्या २३६ रुपयांचा हिशोब द्यावा लागेल. बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. आकड्याचं कारण कळलं की ज्येष्ठ मंडळी पटकन शांत होतात, आणि कारण न कळता नुसतं "काळजी करू नका" ऐकलं की दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन पुन्हा हजर होतात.

त्या हिशोबाची किल्ली आकड्यातच आहे. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे शंभराला अठरा आणि दोनशेला छत्तीस. २०० अधिक ३६ झाले २३६. वर्षातून एकदा नेमके २३६ रुपये जात असतील तर ते बहुतेक वेळा डेबिट कार्डाचं, म्हणजे आपल्या एटीएम कार्डाचं, वार्षिक शुल्क असतं. कार्ड वापरलं काय किंवा कपाटात ठेवलं काय, ते कापलं जातं. म्हणून तर "मी काहीच केलं नाही" हे आत्याचं म्हणणं आणि बँकेने पैसे कापणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

ही युक्ती तुम्हीही लक्षात ठेवा. विचित्र वाटणारा आकडा १.१८ ने भागायचा. भागून सरळ आकडा आला तर बहुधा ते बँकेचं काहीतरी शुल्क आहे. १७.७० आले तर ते १५ रुपये आणि त्यावरचा कर. काही बँका एसएमएस पाठवण्याचे दर तिमाहीला एवढे पैसे घेतात. ११८ म्हणजे १००, १७७ म्हणजे १५०, ५९० म्हणजे ५००. कोणत्या बँकेचं कोणतं शुल्क किती हे वेगवेगळं असतं, पण करामुळे आकड्याला येणारा हा ठसा सगळीकडे सारखाच.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मात्र दोन आकडे या हिशोबाबाहेरचे दिसतात, ४३६ आणि २०. ते पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे हप्ते आहेत. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं म्हणून कापणी मेच्या अखेरीस होते. यातलं आयुर्विम्याचं संरक्षण ५५ व्या वर्षी संपतं आणि अपघात विम्याचं ७० व्या वर्षी. म्हणजे ७३ व्या वर्षी आत्याच्या खात्यातून यांपैकी एखादा हप्ता गेलेला दिसला तर तो शाखेत जाऊन विचारण्यासारखा आहे. २३६ चं तसं नाही.

पण एक लक्षात घ्या, भागाकाराने मिळतो तो अंदाज. चोरालाही २३६ रुपये काढता येतात, त्याला कुणी अडवलेलं नाही. खात्री पासबुकातूनच होते. त्याकडे येतो, पण आधी तो स्क्रीनशॉट नीट वाचू.

बहुतेक ज्येष्ठ मंडळी पाठवतात तो स्क्रीनशॉट वरून-खालून कापलेला असतो. नेमकं सर्वात कामाचं तेच कापलं गेलेलं असतं, म्हणजे मेसेज कुणाकडून आला ते. म्हणून आत्याला पहिल्यांदा एवढंच विचारा, "मेसेज उघडलास की सगळ्यात वर काय लिहिलंय, एकेक अक्षर वाचून दाखव." नव्या स्क्रीनशॉटच्या मागे लागू नका. थरथरत्या बोटांनी दोन बटणं एकदम दाबताना भलतंच काहीतरी दाबलं जातं.

बँकेच्या खऱ्या मेसेजच्या डोक्यावर दहा आकडी मोबाईल नंबर नसतो. तिथे दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग बँकेच्या नावाचा संक्षेप आणि शेवटी पुन्हा रेघ देऊन एक अक्षर असतं. पहिल्या दोन अक्षरांतून मोबाईल कंपनी आणि तिचा विभाग कळतो, ती प्रत्येक वेळी बदलली तरी घाबरायचं कारण नाही. शेवटचं अक्षर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार २०२५ पासून जोडलं जातंय. `S` म्हणजे सेवेचा मेसेज, `T` म्हणजे व्यवहाराचा, `P` म्हणजे जाहिरात आणि `G` म्हणजे सरकारी. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज `S` किंवा `T` चाच असायला हवा. तोच मजकूर `+91` ने सुरू होणाऱ्या एखाद्या साध्या नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाही, मग त्यात बँकेचं बोधचिन्ह असो नाहीतर "प्रिय ग्राहक" असो.

आता मजकूर. असे मेसेज साधारण या धर्तीचे असतात:

```
Dear Customer, your A/c XX4417 is debited by
Rs 236.00 on 12Nov. Avl Bal Rs 61,284.50.
If not done by you, call 1800XXXXXXX
```

यात आत्याने पाहण्यासारख्या चारच गोष्टी आहेत, आणि त्या कोणत्या क्रमाने पाहायच्या यालाही अर्थ आहे. आधी खात्याचे शेवटचे चार आकडे पासबुकाच्या पहिल्या पानावरच्या आकड्यांशी ताडून बघायचे. हे अगदी क्षुल्लक वाटेल, पण शेजारणीने व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला कुणा तिसऱ्याचाच मेसेज स्वतःचा समजून शाखेत आलेले लोक मी पाहिले आहेत. मग `Avl Bal` पुढचा आकडा, म्हणजे खात्यात आता उरलेली रक्कम. भीतीच्या भरात हा आकडा कुणी वाचतच नाही, नजर गेलेल्या पैशांवरच खिळते. आत्याला तो मोठ्याने वाचायला लावा. एकसष्ट हजार दोनशे चौऱ्याऐंशी. तिच्या तोंडून तो आकडा बाहेर पडला की तिचा श्वास जरा खाली बसेल, कारण खात्यात शिरलेला माणूस सहसा एकसष्ट हजार सोडून २३६ घेऊन जात नाही, हे तिचं तिलाच कळतं. त्यानंतर गेलेली रक्कम आणि तारीख.

आणि शेवटची ओळ, जिने सगळा घोळ घातला. ती ओळ प्रत्येक मेसेजच्या खाली छापलेलीच असते. आत्याने स्वतः एटीएममधून पैसे काढले तरी तीच येते, वीजबिल भरलं तरी तीच. एसटीत "पाकीटमारांपासून सावध राहा" अशी पाटी असते, पण पाटी दिसली म्हणून आपलं पाकीट गेलं असं कुणी समजत नाही. ही ओळ तशीच आहे. ती आत्याच्या खात्याकडे बघून कुणी मुद्दाम लिहिलेली नाही. तिला सांगा, "आत्या, मागच्या महिन्यात तू पेन्शन काढलीस तेव्हाचा मेसेज उघड आणि शेवटची ओळ बघ." तीच ओळ तिथे सापडली की तुम्हाला पुढे फार बोलावं लागणार नाही. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तिला जास्त पटतं.

बोलताना सुरुवात मात्र याहून आधीची हवी. पहिलं वाक्य असं ठेवा: "आत्या, मेसेज पुसू नकोस, त्यातल्या कशावर बोट लावू नकोस आणि कुणालाही फोन लावू नकोस. पासबुक घेऊन बस, मी आहे फोनवर." मग वर सांगितलेल्या चार गोष्टी. मग हिशोब: "तुझ्याकडे एटीएम कार्ड आहे ना, त्याचे बँक वर्षाचे दोनशे रुपये घेते आणि त्यावर सरकारचा कर छत्तीस. असे दोनशे छत्तीस झालेत असं मला दिसतंय. उद्या पासबुक भरून घे, त्यात लिहून येईल. तसं नसेल तर आपण लगेच तक्रार करू, त्याला वेळ आहे." शेवटचं वाक्य गाळू नका. "नक्की तेच आहे" असं ठासून सांगितलंत आणि उद्या पासबुकात दुसरंच निघालं, तर पुढच्या वेळी ती तुमचं ऐकणार नाही.

तुम्ही स्वतः करू नये अशी एक गोष्टही सांगतो. तिच्या खात्यात काय चाललंय हे बघायला तिला ओटीपी विचारू नका, आणि तिचा स्क्रीन तुमच्या फोनवर दिसावा म्हणून एखादं ॲपही टाकायला लावू नका. "मीच तर विचारतेय" हे खरं असलं तरी फोनवर प्रेमाने बोलणाऱ्या माणसाला आकडा वाचून दाखवायची सवय तिला तुमच्यामुळे लागते. पुढे कुणी "मावशी, मी बँकेतून बोलतोय, घाबरू नका" असं तितक्याच आपुलकीने म्हणालं तर तिला फरक करता येणार नाही. घरच्या मंडळींनी याबाबत बँकेपेक्षाही कडक असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला या सगळ्या प्रकरणात २३६ रुपयांची काळजी वाटत नाही, काळजी वाटते ती मेसेज आल्यानंतरच्या तासाभराची. खरा मेसेज येतो, माणूस घाबरतो, मेसेजमधला बारीक अक्षरांतला नंबर वाचता येत नाही किंवा तिथे फोन लागत नाही. मग तो इंटरनेटवर बँकेचं नाव घालून कस्टमर केअरचा नंबर शोधतो. तिथे ठगांनी पेरून ठेवलेले नंबर वर दिसतात. फोन पहिल्याच रिंगला उचलला जातो. समोरचा माणूस शुद्ध मराठीत बोलतो, २३६ रुपये परत करायचं आश्वासन देतो आणि त्यासाठी एक लहानसं ॲप टाकायला सांगतो. कार्डाचं शुल्क परत मिळवायला निघालेल्या माणसाचं खातं असं रिकामं होतं. आत्या रात्रभर ज्या मेसेजला घाबरली तो निरुपद्रवी होता, धोका होता तो मदत शोधण्यात. म्हणून पहिल्याच वाक्यात "कुणालाही फोन लावू नकोस" आहे.

बँकेला फोन करायचाच झाला तर नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागच्या बाजूचा, नाहीतर पासबुकावर छापलेला. संकेतस्थळ बघायचं असेल तर आता भारतातल्या बँकांचे पत्ते `.bank.in` ने संपतात. रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. उलट बँकेकडून येणारे सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येऊ लागले आहेत. तरीही आत्यासाठी मी नियम आणखी सोपा करीन: बँकेच्या नावाने आलेल्या कुठल्याही फोनवर बोलणं संपवायचं आणि कार्डामागच्या नंबरवर स्वतः लावायचा. खरोखर बँकेचा फोन असेल तर त्यांना याचा राग येत नाही.

आता खात्री कशी करायची. पासबुक भरून घेणं ही आत्यासाठी सर्वात बरी वाट, कारण कागद हातात येतो आणि चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचता येतो. पासबुकात प्रत्येक रकमेसमोर तपशील छापला जातो. कार्डाच्या वार्षिक शुल्कासमोर बहुधा `ATM` किंवा `CARD` असा शब्द आणि जवळपास `AMC` किंवा `CHG` अशी अक्षरं दिसतील. काही बँका २०० आणि ३६ अशा दोन वेगळ्या ओळी छापतात. मेसेज एकच आणि पासबुकात ओळी दोन, असं दिसलं तर पैसे दोनदा गेले असं तिने समजू नये, हे आधीच सांगून ठेवा. तपशीलात `UPI` असं असेल, एखाद्या माणसाचं किंवा दुकानाचं नाव असेल, तर तो बँकेचा खर्च नाही. मग २३६ चा भागाकार कितीही जुळला तरी विसरायचा. `ACH` किंवा `NACH` असेल तर कुणाला तरी आपोआप हप्ता जातोय, विमा, कर्ज किंवा कसलीशी गुंतवणूक. तो कधी मंजूर केला होता हे शाखेत विचारता येतं आणि बंदही करता येतो.

समजा पासबुकात कार्डाचंच शुल्क निघालं. आत्या म्हणेल, "मी तर कार्ड कधी वापरतच नाही, मग पैसे कशाला?" रास्त प्रश्न आहे. कार्ड कात्रीने कापून टाकल्याने शुल्क थांबत नाही, बँकेच्या नोंदीत ते जिवंतच राहतं. शाखेत अर्ज देऊन किंवा बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करावं लागतं. मात्र बंद करण्याआधी तिच्या मोबाईलवर यूपीआय आहे का, रात्री-अपरात्री पैसे लागले तर तिच्या हाताशी दुसरं काय आहे, याचा विचार करा. एकट्या राहणाऱ्या बाईने वर्षाला २३६ रुपये देऊन कार्ड जवळ ठेवणं मला तोट्याचं वाटत नाही. आणखी एक वाट आहे. तिचं खातं बेसिक बचत ठेव खातं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्या कार्डाला वार्षिक शुल्क लावता येत नाही. पेन्शनचं खातं आपोआप त्या प्रकारचं असतं असं मात्र नाही, ते शाखेत विचारूनच कळेल.

आणि समजा पासबुकात भलतंच निघालं. तेव्हा वेळ महत्त्वाची. आधी कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड आणि मोबाईल बँकिंग बंद करायला सांगायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. फसवणूक असेल तर १९३० या सरकारी हेल्पलाईनवर फोन, किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वात जास्त असते. शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिलेली चौकट अशी की चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि ग्राहकाने बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीच भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर मर्यादित भार पडतो, आणि त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. पण ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. म्हणूनच "मेसेज पुसू नकोस" हे पहिल्या वाक्यात आहे. त्या मेसेजची तारीख आणि वेळ हाच पुढे तुमचा पुरावा असतो.

आत्याला हेही सांगायला हवं की काही मेसेजना घाबरणं बरोबर आहे, नाहीतर "सगळंच खोटं" असं समजून ती बघणंच सोडून देईल. तिने काहीच केलेलं नसताना ओटीपी आला, तर तो कुणालाही न सांगता तुम्हाला फोन. "तुमच्या खात्यात नवीन लाभार्थी जोडला" असं आलं आणि तिने जोडलेला नसेल, तर थेट कार्डामागचा नंबर. मोबाईल कंपनीकडून "नवीन सिमची विनंती मिळाली" असा मेसेज आला आणि नंतर फोनची रेंज गेली ती आलीच नाही, तर शेजारच्यांच्या फोनवरून लगेच मोबाईल कंपनी आणि बँक दोघांना कळवायचं, कारण तिच्या नंबरचं सिम दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं. याउलट "दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, नऊ दाबा" असा फोन आला तर नुसता ठेवून द्यायचा. ट्राय किंवा दूरसंचार विभाग असे फोन करत नाहीत.

यातली गंमत म्हणा किंवा वाईट गोष्ट म्हणा, खोटे मेसेज बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा गोड असतात. खरा मेसेज कोरडा आणि तुटक, "debited" म्हणून मोकळा होतो. खोटा मेसेज काळजी घेतो, शेवटची संधी देतो आणि कशावर तरी बोट लावायला सांगतो. आत्याच्या फोनमध्ये या आठवड्यात आणखी काय आलंय हे तुम्ही तिला वाचायला सांगाच. नोव्हेंबर आहे, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. "दाखला अपडेट करा, नाहीतर पेन्शन थांबेल" अशा मजकुरासोबत `.apk` ने संपणारी एखादी फाईल व्हॉट्सॲपवर आलेली असू शकते. ती फाईल म्हणजे फोनमध्ये शिरणारं ॲप, पुढे आत्याचे ओटीपी तेच परस्पर वाचतं. २३६ च्या मेसेजने तिची झोप उडवली आणि ही फाईल मात्र तिला कामाची वाटली, असं होऊ शकतं. फाईल उघडली गेली असेल तर फोन लगेच विमान मोडवर टाकायचा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं आणि फोन जाणकाराकडून साफ करून घेईपर्यंत त्यावर बँकेचं काही करायचं नाही.

हा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका, तिलाही टाकू देऊ नका. त्यात शिल्लक आहे, खात्याचे चार आकडे आहेत, आणि वरच्या पट्टीत एखादा ओटीपीही डोकावत असू शकतो. शिवाय ग्रुपवर दहा जण दहा सल्ले देतात आणि त्यातला सर्वात भीतिदायक सल्ला आत्याच्या लक्षात राहतो.

पुढच्या वर्षी हेच पुन्हा होईल, साधारण याच सुमारास. त्यासाठी तिच्या डायरीच्या मागच्या पानावर एक छोटी यादी करून द्या, तिच्याच अक्षरात. पासबुकाचं मागचं वर्ष समोर ठेवून ज्या रकमा आपोआप गेल्या त्या लिहायच्या: नोव्हेंबर, कार्ड, २३६, एसएमएसचे पैसे जात असतील तर ते कोणत्या महिन्यांत, विम्याचा हप्ता असेल तर तो. पुढे मेसेज आला की आधी हे पान, मग तुमचा फोन. या यादीत नसलेली रक्कम आली तर तिने तुम्हाला कितीही वाजता उठवावं, हे तिला स्पष्ट सांगा. "पोरीला त्रास कशाला" म्हणून गप्प बसणारी माणसंच जास्त फसतात.

आणि उद्यासाठी तिला वेगळी फेरी मारायला लावू नका. हयातीचा दाखला द्यायला तिला या महिन्यात शाखेत जायचंच असेल. त्याच वेळी पासबुक भरून घ्यावं, २३६ च्या ओळीवर बोट ठेवून काउंटरवर विचारावं, आणि खात्याशी जोडलेला मोबाईल नंबर तिचाच आहे ना, हेही तिथेच बघून घ्यावं. काकांचा जुना नंबर अजून जोडलेला असल्याची प्रकरणं फॅमिली पेन्शनच्या खात्यांत सर्रास सापडतात.